कंपन्यांची कामं मिळवण्यासाठी लिंक्डइन: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती: नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करणारे इथे बरेच जण आहेत. ओळखीतून येणारी कामं एका टप्प्यावर आटतात आणि मग अनोळखी कंपन्यांनी आपल्याला शोधावं, निदान शोधल्यावर विश्वास ठेवावा, यासाठी लिंक्डइनकडे वळावं लागतं. प्रोफाइल कसं बांधलंत, लिहायची सवय कशी लागली आणि त्यातून खरंच काम आलं का, हे सविस्तर लिहा. मी कंपन्यांमध्ये सुरक्षा प्रशिक्षण घेते. लिहिते नियमित, पण वाचायला येतात ते माझ्यासारखे दुसरे प्रशिक्षकच.

खतावणी: माझं काम उत्पादन कंपन्यांमध्ये महिनाअखेरचे हिशेब लवकर बंद करून देण्याचं. आधी हेडलाइनमध्ये ‘फायनान्स कन्सल्टंट, मेंटॉर, स्पीकर’ असं होतं. हेडलाइनला 220 अक्षरांची जागा मिळते म्हणून सगळे ती भरतात. पण तुम्ही कुणाच्या पोस्टखाली कॉमेंट केली की नावाखाली तिचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. आपल्याला न ओळखणारा माणूस तेवढंच वाचतो. म्हणून आता सुरुवातच ‘उत्पादन कंपन्यांची महिनाअखेर लवकर बंद करून देतो’ अशी आहे. पदव्या आणि बाकीचं त्यानंतर.

अबाउटचंही तसंच. ‘सी मोअर’च्या वर जेमतेम काही ओळी दिसतात. तिथे माझा प्रवास नाही, फायनान्स प्रमुखाची अडचण आहे: ‘महिना संपून दोन आठवडे झाले तरी नफ्याचा आकडा पक्का होत नाही, आणि संचालक रोज विचारतात.’ त्याखाली मी काय करतो, कोणत्या आकाराच्या कंपन्यांत करतो आणि काय करत नाही. ‘टॅक्सची कामं घेत नाही’ हे वाक्य घातल्यापासून भलत्या चौकशा थांबल्या.

आता काम कसं आलं ते. एक पोस्ट लिहिली होती, तिची सुरुवात अशी: ‘महिनाअखेर अकाउंट्समध्ये अडकत नाही, स्टोअरमध्ये अडकते.’ पुढे एकच गोष्ट सांगितली होती. माल गेटच्या आत येतो, पावती बनते, पण पुरवठादाराचं बिल आलेलं नसतं. अकाउंट्सवाले बिलाची वाट बघतात, खरेदी विभाग म्हणतो आमचं काम संपलं, आणि तरतुदीची नोंद कुणीच करत नाही. उपाय म्हणून महिना संपायच्या दोन दिवस आधी ‘माल आला, बिल नाही’ अशी यादी काढायची आणि तिच्यावर खरेदी विभागातल्या एका माणसाचं नाव टाकायचं, एवढंच लिहिलं. लाइक अगदीच थोडे. बऱ्याच महिन्यांनी एका कंपनीच्या फायनान्स प्रमुखांचा मेसेज आला, ‘आमच्याकडे हेच चालू आहे.’ बोलताना कळलं की त्यांच्या हाताखालच्या मॅनेजरने ती पोस्ट त्यांना पाठवली होती. त्या मॅनेजरने पोस्टला ना लाइक दिला होता, ना कॉमेंट केली होती.

उगवता: माझा अनुभव सरळ आहे. रोज पोस्ट टाका, सकाळीच टाका आणि शेवटी प्रश्न विचारा, म्हणजे कॉमेंट येतात. रोज लिहायला लागल्यापासून माझे फॉलोअर खूप वाढले. सातत्याला पर्याय नाही.

खतावणी: @उगवता, सातत्याचं पटतं. लिहिणं थांबलं की लोक विसरतात. पण वाढलेले फॉलोअर कोण आहेत, ते बघा. पोस्टच्या आकडेवारीत वाचणाऱ्यांची पदं आणि त्यांच्या कंपन्यांचा आकार दिसतो. तिथे ‘कन्सल्टंट’, ‘कोच’ आणि ‘फाउंडर’च वर असतील तर आपण आपल्याच व्यवसायबंधूंसाठी लिहितोय. ‘शेवटी प्रश्न विचारा’ने नेमकं हेच होतं, कारण उत्तर द्यायला मोकळे तेच असतात. धागाकर्तीताई, तुमच्याकडेही हेच होत असावं. प्रशिक्षण कसं घ्यावं यावर लिहिलंत तर प्रशिक्षक येणार. अपघात झाल्यावर प्लांट हेडला कोणते कागद शोधावे लागतात यावर लिहिलंत तर प्लांटचे लोक वाचतील.

मी_टेबलापलीकडे: मी दुसऱ्या बाजूची. आमच्या कंपनीत सल्लागार नेमताना मी असते. आम्ही लाइक का करत नाही ते सांगते. माझा लाइक माझ्या सहकाऱ्यांना दिसू शकतो, वरिष्ठांनाही दिसू शकतो. ‘हिशेब वेळेत बंद होत नाहीत’ या पोस्टला मी लाइक दिला तर आमच्याकडे ती अडचण आहे, असं मीच जाहीर केल्यासारखं होतं. त्यामुळे वाचायचं, लिंक आत पाठवायची आणि गप्प बसायचं.

प्रोफाइल आम्ही बहुतेक वेळा नाव कुणीतरी सुचवल्यावर उघडतो. मी आधी रेकमेंडेशन बघते, तीही कुणी दिली आहेत ते. दुसऱ्या सल्लागाराने लिहिलेल्या ‘ग्रेट प्रोफेशनल’चा मला काही उपयोग नाही. कारखान्यातल्या माणसाने ‘यांनी आमची स्टॉकची मोजणी कशी बदलली’ असं चार ओळींत लिहिलं असेल तर ते मी खरेदी विभागाला दाखवू शकते. मग शेवटच्या दोन-तीन पोस्ट. फार जुन्या असतील तर हा माणूस अजून हे काम करतो का, अशी शंका येते. महिन्याला दोन असल्या तरी मला पुरतात.

नवीपाटी: चांगला धागा. मी पण सध्या शोधात आहे. फोटोभोवती ती हिरवी ‘ओपन टू वर्क’ची चौकट लावावी का? रिझ्युमे फीचर्डमध्ये टाकलाय.

खतावणी: @नवीपाटी, तुम्ही नोकरी शोधत असाल तर लावा. धागा सल्लागारीचा आहे, आणि सल्लागाराने ती लावली की समोरच्याला वाटतं याला नोकरीच हवी आहे. आपल्यासाठी सेवा दाखवण्याचा वेगळा भाग आहे, तो प्रोफाइलवरच जोडता येतो. फीचर्डमध्ये मी रिझ्युमेऐवजी एक पानी पीडीएफ ठेवलीय: महिनाअखेरची तपासयादी, कोणता विभाग काय आणि कधी देणार यासकट. मीटिंगला येणारे लोक ती छापून आणतात.

काठावर: लिहिण्याच्या सवयीबद्दल. कोऱ्या पानासमोर बसून मला कधीच सुचलं नाही. आता क्लायंटची मीटिंग संपली की गाडीत बसण्याआधी त्यांनी विचारलेला एक प्रश्न त्यांच्याच शब्दांत फोनमध्ये टिपते. ‘नवीन वेतनरचना सांगितली तर जुने लोक सोडून जातील का?’ असे प्रश्न. आठवड्यातून एकदा त्यातला एक निवडून उत्तर लिहिते आणि पोस्ट शेड्यूल करून ठेवते. कामाच्या गर्दीचा महिना आला तरी खंड पडत नाही.

माझी अडचण गोपनीयतेची. कराराप्रमाणे क्लायंटचं नाव घेता येत नाही. नाव गाळलं तरी एखाद्या छोट्या क्षेत्रात वाचणाऱ्याला कंपनी ओळखू येते. मी क्षेत्र, शहर आणि आकडे तिन्ही काढते, फक्त कारण ठेवते. आकडे बदलून लिहिणं मला पटत नाही, ते खोटंच झालं. आणि काम चालू असताना त्यावर लिहीत नाही.

मी_टेबलापलीकडे: एवढं पुरेसं नाही, असं माझं मत. नाव नसलं तरी लिहिण्याआधी आम्हाला एकदा दाखवा. आमची गोष्ट आम्ही तुमच्या पोस्टमध्ये ओळखली तर पुढच्या मीटिंगमध्ये आम्ही हातचं राखून बोलू.

खतावणी: मला हे थोडं जास्त वाटतं. ‘माल आला, बिल नाही’ ही कुणा एकाची गोष्ट नाही, दहातल्या आठ कारखान्यांत ती दिसते. अशा गोष्टीलाही परवानगी मागत बसलो तर लिहिणंच बंद होईल. एकाच ठिकाणी घडलेलं असेल तर मात्र मी विचारतो.

काठावर: विचारल्यावर कायदा विभागाकडे जातं आणि महिनोन् महिने उत्तर येत नाही, हा माझा अनुभव. तुमच्याकडे परवानगी कोण देतं, फायनान्स प्रमुख की कायदा विभाग?

मी_टेबलापलीकडे: आमच्याकडे ज्या विभागाचं काम केलंत त्याचा प्रमुख, तोही ईमेलवर. कायदा विभागाकडे जातं ते नाव किंवा लोगो वापरायचा असेल तर. म्हणून विचारताना ‘नाव आणि लोगो वापरणार नाही, मजकूर सोबत जोडला आहे’ हे पहिल्याच ओळीत लिहा.

धागाकर्ती: माझ्या पुढच्या पोस्टचा विषय ठरला: अपघातानंतर पहिल्या तासाभरात शोधावे लागणारे कागद. एका प्लांट हेडना विचारून यादी पक्की करते. रेकमेंडेशन कुणाकडे आणि कशी मागायची, यावर अजून कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.