मदत हवी आहे: कंपनी बंद होतेय, बाबांच्या प्रेफरन्स शेअरचा थकलेला डिव्हिडंड मिळेल का?

धरमपेठची_सुरभी
बाबांकडे हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे १०० रुपयांचे २,००० प्रेफरन्स शेअर आहेत, म्हणजे २ लाखांचे. दर ९ टक्के, पण तीन वर्षं छदामही आला नाही. आता मालक मंडळी स्वतःहून कंपनी बंद करणार आहेत. सगळी देणी फेडून साधारण ५० लाख उरतील असं त्यांचे अकाउंटंट सांगतात. प्रेफरन्स भांडवल ४० लाख आहे आणि इक्विटी १ कोटी.
काकांकडे त्याच कंपनीची ५ लाखांची इक्विटी आहे. ते म्हणतात, "तुझ्या बाबांना फक्त मूळ रक्कम मिळणार, थकबाकी विसरा." बाबांचं म्हणणं, तीन वर्षांचे ५४ हजार त्यांच्या हक्काचे आहेत. कोणाचं बरोबर?

भाऊ_बुटीबोरी
बाबांचंच बरोबर. प्रेफरन्सचा डिव्हिडंड म्हणजे व्याजच नं! नफा असो-नसो, द्यावाच लागते. दोन वर्षं दिला नाही तर त्यांना सगळ्या ठरावांवर मतही देता येते. काकाले सांगा, गुपचूप बसा.

सीए_मनीषा
भाऊ, व्याज नाही हो. नफा किंवा मागची शिल्लक असेल आणि डिव्हिडंड जाहीर झाला तरच तो देणं बनतो. जाहीर करायचाच नाही असं ठरवलं तर प्रेफरन्सवाला वसुलीचा दावा लावू शकत नाही. त्याचं संरक्षण वेगळं आहे. शेअर क्युम्युलेटिव्ह असेल तर जुनी बाकी चुकती केल्याशिवाय इक्विटीला एक रुपयाही वाटता येत नाही. कागदावर काहीच लिहिलं नसेल तर सहसा क्युम्युलेटिव्हच धरतात.
मताचं म्हणाल तर २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम ४७ तसं सांगतं खरं. पण २०१५च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपन्यांना आपल्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, ते बाजूला ठेवायची मुभा दिली. त्यामुळे तेही आधी आर्टिकल्समध्ये बघावं लागेल.
सुरभी, कंपनी बंद होताना रांग दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ची. कंपनी स्वतःहून बंद झाली तरी तीच. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाले, पुढे बाकीचे देणेकरी. त्यांच्यानंतर प्रेफरन्स आणि अगदी शेवटी इक्विटी. भांडवल परत मिळण्यात बाबा काकांच्या पुढे आहेत, त्यात वाद नाही. वाद आहे तो थकबाकीचा, आणि तो फक्त आर्टिकल्सच्या किंवा शेअर देतानाच्या अटींच्या शब्दांवर सुटतो. जाहीर न झालेली बाकीसुद्धा द्यायची असं त्यात नसेल तर बंद होताना ती मिळत नाही.
तुमचेच आकडे घ्या. तशी अट असेल तर ४० लाख भांडवल आणि त्यावर तीन वर्षांचे १०.८ लाख, म्हणजे ५०.८ लाखांचा हक्क झाला. उरलेत ५०. बाबांना अडीच लाख मिळतील आणि काकांना शून्य. अट नसेल तर प्रेफरन्सला ४० लाख आणि उरलेले १० लाख इक्विटीला. बाबांना २ लाख, काकांना ५० हजार. काका इतकं ठासून का बोलतात ते यात आलं.

रामटेककर
माझ्याकडे एका लिस्टेड कंपनीचे शेअर होते. ती दिवाळखोरीत गेली, नवा मालक आला आणि माझे शेअर रद्द, हातात भोपळा. प्रेफरन्स घेतले असते तर वाचलो असतो का?

सीए_मनीषा
बँकांचंच पूर्ण फिटलं नसेल तर प्रेफरन्सवाल्यालाही बहुधा भोपळाच. तो देणेकरी नाही, भागधारकच आहे. खालून दुसरा नंबर, एवढाच फरक.
सुरभी, एक गोष्ट नक्की तपासा. ताळेबंदात संचालकांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी कंपनीला दिलेली बिनतारणाची कर्जं आहेत का? ती बाबांच्या आधी फेडली जातात. अकाउंटंटचे ५० लाख ती वजा करून आहेत की न करता? त्यात २० लाख निघाले तर ३० लाखच उरतील. मग बाबांना दीड लाख, आणि थकबाकीचा प्रश्नच उरत नाही.

धरमपेठची_सुरभी
एमसीएच्या पोर्टलवर फी भरून आर्टिकल्स काढले. त्यात आहे, "भांडवल व जाहीर झालेला पण न दिलेला लाभांश". शेअर देतानाच्या ठरावात मात्र "सर्व थकीत लाभांशासह" असं आहे. कर्जाबद्दल विचारलं तर अकाउंटंट म्हणे, सोमवारी बोलू.

सीए_मनीषा
आर्टिकल्समधल्या "जाहीर झालेला"ने बाबांचे ५४ हजार जातात, ठरावाने ते परत येतात. वरचढ कोण, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वकिलालाच ठरवू दे. कंपनी गुंडाळणारा लिक्विडेटर नेमला की लगेच लेखी दावा टाका आणि ठरावाची प्रत सोबत जोडा.

भाऊ_बुटीबोरी
सोमवारी नका थांबू. ताळेबंद पोर्टलवरच भेटते.