‘संकुचित पैसा’ म्हणजे नेमका कुठला?

गंगापूररोडकर
एका सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालाचं मराठी करून देते आहे. ‘नॅरो मनी’ला ‘संकुचित पैसा’ आणि ‘ब्रॉड मनी’ला ‘विस्तृत पैसा’ असं लिहिलं. आत्याला वाचायला दिलं तर म्हणाली, “संकुचित पैसा म्हणजे कंजूष माणसाचा का गं?” तेव्हापासून हा शब्द डोळ्यांत खुपतोय.
दुसरं म्हणजे अर्थाचीही खात्री हवी आहे. हातातली रोकड, चालू खातं, बचत खातं हे सगळं संकुचित, आणि एफडी धरली की विस्तृत, असं मी समजते. बरोबर आहे ना?

मेनरोडकर
बरोबर. सोपी खूण सांगतो ताई, यूपीआयने आत्ता देता येतील किंवा पाकिटातून काढता येतील ते पैसे एम१, म्हणजे तुमचा संकुचित. एफडी मोडावी लागते, म्हणून ती एम३, म्हणजे विस्तृत.
शब्दाचं म्हणाल तर ‘अरुंद पैसा’ लिहा.

जेलरोडचा
‘अरुंद पैसा’ नको हो, गल्लीबोळातला वाटतो.
माझे वडील करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झाले. १९२८पासून इथे नाशिकरोडला नोटा छापतात. मग आमच्या प्रेसमधून नोटांची गाडी निघाली की एम१ वाढला म्हणायचं का?

निवृत्त बँकवाला
जेलरोडचे, तुमचं आधी घेतो. गाडीतली नोट म्हणजे छापील कागद. करन्सी चेस्टमध्ये उतरली तरी ती रिझर्व्ह बँकेचीच, फक्त ठेवायची जागा बँकेची. तिथून निघून कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये आली की चलनात आली, पण एम१ मध्ये अजून नाही. एम१ मध्ये ‘लोकांकडचं चलन’ मोजतात, म्हणजे चलनातल्या एकूण रकमेतून बँकांच्या हातातली रोकड वजा करून उरेल ते. तुमच्या वडिलांनी पगार काढला आणि नोटा खिशात घातल्या, तेव्हा त्या एम१ मध्ये आल्या.

आता मेनरोडकरांची खूण. रोख आणि चालू खातं यांना ती लागू पडते. बचत खात्यापाशी मात्र फसते. बचत खात्यातली सगळी रक्कम यूपीआयने जाते, पण सगळी एम१ मध्ये धरत नाहीत. तिचे दोन भाग करतात, एक मागणी ठेव आणि एक मुदत ठेव. मागणीचा भाग एम१ मध्ये जातो. मुदतीचा भाग एफडीच्या पंगतीला बसतो आणि थेट एम३ मध्ये येतो.

गंगापूररोडकर
काका, बचत खात्याला मुदत कुठली? मी तर कधीही काढते.

निवृत्त बँकवाला
तुम्ही काढता, पण सगळे पैसे काढता का? हिशोब सहामाहीचा असतो, ३० सप्टेंबर आणि ३१ मार्चला. प्रत्येक महिन्यात शिल्लक कमीत कमी किती होती ते बघायचं आणि सहा महिन्यांची सरासरी काढायची.
पिंपळगावच्या एखाद्या द्राक्षवाल्याचं खातं घ्या. आकडे समजण्यापुरते. एप्रिलची किमान शिल्लक १२ हजार, मे ९, जून ६, जुलै ५, ऑगस्ट ८, सप्टेंबर २० हजार. बेरीज ६० हजार, सरासरी १० हजार. त्याच सहा महिन्यांतल्या प्रत्यक्ष शिलकीची सरासरी ४० हजार धरा. पैकी १० हजार मुदतीचे, कारण तेवढे सरासरीने कधी हललेच नाहीत. वरचे ३० हजार मागणीचे. असं जे प्रमाण येतं ते पुढचे सहा महिने वापरायचं. अर्थात बँक एका खात्याचं नाही, सगळ्या बचत ठेवींचं मिळून प्रमाण काढते. पेन्शनरांच्या खात्यांत पैसे पडून असतात, त्यामुळे आमच्याकडे मुदतीचाच भाग मोठा निघायचा. रिझर्व्ह बँकेला पाठवायचं पंधरवड्याचं फॉर्म ‘ए’ भरताना हे प्रमाण हाताशी लागायचंच, म्हणून डोक्यात बसलंय.

मेनरोडकर
म्हणजे माझ्या खात्यातले पैसे मी आज चहाला देऊ शकतो, तरी ते मुदत ठेव? पटत नाही बुवा.

निवृत्त बँकवाला
मूळ कारण व्याजाचं होतं. पूर्वी १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळायचं. ज्या रकमेवर व्याज सुटतं ती माणूस साठवण म्हणून ठेवतो, वरची खर्चासाठी, असा विचार. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज लागू झालं. त्या हिशोबाने सगळीच रक्कम व्याजाची झाली, पण विभागणीची पद्धत किमान शिलकीचीच राहिली. तुमची शंका रास्त आहे, पण आकडा असाच बनतो.

लासलगाववाला
माझी २० लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट लिमिट आहे. आठ उचललेत. उरलेले १२ लाख मी केव्हाही काढू शकतो. ते कशात मोजतात, एम१ की एम३? आणि कांद्याचं पेमेंट त्याच दिवशी करायचं असतं, म्हणून हा प्रश्न.

निवृत्त बँकवाला
कशातच नाही. लिमिट म्हणजे बँकेची परवानगी, ठेव नव्हे. उचललेले आठ लाख तुम्ही शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकलेत, तिथे ते ठेव म्हणून उभे राहिले आणि तिथेच मोजले गेले. उरलेले १२ उचलाल तेव्हा जन्माला येतील.

लासलगाववाला
बरं. पण बँक रिन्यूअलला दोन महिने लावते, त्याचं कुणी बोलत नाही.

जेलरोडचा
आईची पोस्टात आरडी आहे आणि बचत खातंही. ते?

निवृत्त बँकवाला
रिझर्व्ह बँकेच्या १९७७च्या व्याख्येप्रमाणे पोस्टाचं बचत खातं एम१ मध्ये मिळवलं की एम२ होतो, आणि पोस्टाच्या सगळ्या ठेवी एम३ मध्ये मिळवल्या की एम४, फक्त बचतपत्रं सोडून. म्हणजे एम३ मध्ये पोस्ट नाहीच. १९९८च्या रेड्डी समितीने पोस्टाला या मापांतून उचलून वेगळ्या तरलतेच्या मापात टाकलं. एम२चा अर्थही बदलला. नव्या एम२ मध्ये बचत खात्याचे दोन्ही भाग आणि एक वर्षापर्यंतच्या मुदत ठेवी येतात. त्यामुळे नुसतं ‘एम२’ वाचलं की जुना का नवा, हे आधी बघायचं. ताई, तुमच्या अहवालात आहे का?

गंगापूररोडकर
नाही, एम१ आणि एम३ एवढेच. पण एक वाक्य आता खटकतंय. मी लिहिलंय, “लोकांनी संकुचित पैसा काढून विस्तृत पैशात टाकला.”

निवृत्त बँकवाला
ते चुकलंच. एम३ च्या पोटात एम१ असतोच. लाखभर रुपये चालू खात्यातून एफडीत गेले तर एम१ लाखाने घटतो, एम३ तिथेच राहतो. “मागणी ठेवीतून मुदत ठेवीत वळवला” असं लिहा. नोटाबंदीत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. लोकांकडची रोकड बँकेत आली, त्यातली बरीच मुदत ठेवीत धरली गेली, म्हणून एम१ धाडकन खाली आला, एम३ ला तसा खड्डा पडला नाही, कारण नोट जाऊन ठेव आली.

मेनरोडकर
मग शब्दच ‘आतला पैसा’ आणि ‘एकूण पैसा’ करा की. डब्यात डबी दिसते.

गंगापूररोडकर
‘एकूण’मध्ये पोस्ट येतं का, असं जेलरोडवाले लगेच विचारतील. सध्या ‘संकुचित’च ठेवते, बारावीच्या पोरांना तोच ओळखीचा. मात्र पहिल्यांदा येईल तिथे ‘एम१’ जोडते. आत्याला ‘मर्यादित’ बरा वाटतोय, पण तो वाचून पैसा कमी पडला असं वाटेल ना?

जेलरोडचा
आमच्या घरात तर तोच अर्थ लागेल.