मदत हवी आहे: सहाव्या भाकरीचं काय करू?

कथा लिहितेय, कोयनानगरजवळच्या गावातली. आजी रोज पाच भाकऱ्यांपुरतंच नाचणीचं पीठ काठवटीत घेते, पाच गोळे करते, थापते, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवते, पण टोपलीत भरतात सहा. सहावी तळहाताएवढी, लहान मुलाला करून देतात तशी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात आजीची थोरली मुलगी गेली, पण घरात तिचं नावही कोणी घेत नाही, नातीला तर ती होती हेच माहीत नाही.

अडचण अशी की पहिल्या ड्राफ्टमध्ये नात दचकून विचारते, "आजी, ही कुठून आली गं?" आणि तिथंच सगळी भुताची गोष्ट होऊन बसते, तो ड्राफ्ट वाचलेल्या दोघींनीही शेवटी भूत दिसणार असंच धरलं होतं. आता दचकणं काढलंय, आई न बोलता त्या भाकरीला तूप लावते आणि फडताळात ठेवते, बस्स.

पण मग ती मुलीची आहे हे वाचकाला कळेल का हो? भूकंपाची तारीख कथेत घालू की फडताळातली छोटी पितळी ताटली पुरेल? मला ताटलीच बरी वाटतेय, तारीख आली की खुलासा केल्यासारखं होतं. तुम्ही काय केलं असतं, प्लीज सांगा.