मदत हवी आहे: जुना फोटो ताजमहालाचा की बीबी का मकबऱ्याचा?

सायली_क: आजी-आजोबांच्या फोटोत मागे घुमट आणि मिनार आहेत. खाली आग्रा लिहू की औरंगाबाद? अल्बम आज छापायला द्यायचाय, लवकर सांगा.

पेठेतला: फोटो कुठाय? रंगीत की कृष्णधवल?

सायली_क: घरचा फोटो इथे टाकणार नाही. कृष्णधवल, समोरून काढलेला.

भटकभवानी: सोपं आहे. मागे नदी दिसली तर ताज.

दगडधोंडे: समोरून यमुना दिसतच नाही हो, ती चबुतऱ्यामागे खाली आहे. ताजमागे नुसतं आभाळ असतं, मकबऱ्यामागे डोंगर. धुक्यात मात्र डोंगरही पुसले जातात, म्हणून मिनार बघा. ताजचे मिनार इमारतीपासून चांगले लांब, मकबऱ्याचे जवळ, त्यामुळे मधली वास्तू अरुंद आणि उंच वाटते.

सायली_क: आजोबांच्या फेट्यामागे एक मिनार गेलाय. डावीकडे मशीद दिसतेय.

भटकभवानी: मग ताजच! मशीद तिथेच आहे.

दगडधोंडे: मकबऱ्यालाही आहे, आणि दोन्हीकडे पश्चिमेलाच, म्हणजे समोरून डावीकडेच. पण ताजची मशीद लाल दगडाची, कृष्णधवलमध्ये गडद येते. तिच्यासमोर उजवीकडे तशीच दुसरी इमारत आहे, तिला जवाब म्हणतात. मकबऱ्याची मशीद फिकट, त्याच चबुतऱ्यावर, आणि जोडीला दुसरी नाही. तुमची कशी आहे?

सायली_क: पांढरट. उजवी बाजू कापली गेलीय.

दगडधोंडे: मग बहुतेक मकबरा. मोठ्या कमानीभोवती काळ्या अक्षरांची पट्टी आहे का, तेवढं भिंगातून बघा. असली तर ताज. नाही दिसली तर त्यावरून काही ठरत नाही, फोटोच अस्पष्ट असेल.

पेठेतला: एवढा खटाटोप कशाला? गूगल लेन्समध्ये टाका.

दगडधोंडे: टाका, पण ते सगळ्यात प्रसिद्ध नाव आधी पुढे करणार. अमेरिकेच्या टपाल खात्याने 2010 मध्ये तिकिटावर स्वातंत्र्यदेवतेचा फोटो छापला, तो निघाला लास वेगासच्या हॉटेलासमोरच्या पुतळ्याचा! शिल्पकाराने दावा लावला आणि 2018 मध्ये कोर्टाने त्याला 35 लाख डॉलर द्यायला लावले.

रानवारा: ढाक्याजवळ सोनारगावलाही ताज आहे.

पेठेतला: तो 2008 चा. आजोबा तिथे कसे जातील?

रानवारा: माझ्याकडे आयफेलचा फोटो आहे, मागे उंच उंच फ्लॅट दिसतात. पॅरिसच ना?

पेठेतला: चीनमध्ये हांगचौजवळ तियानदूचेंगला आयफेलची 108 मीटरची नक्कल आहे, भोवती फ्लॅटच फ्लॅट. वेगळा धागा काढा.

सायली_क: भिंगातून अक्षरं दिसत नाहीत. आई म्हणते आजोबा आग्र्याला गेले होते.

दगडधोंडे: दोन्हीकडे गेले असतील की. आजी कशावर उभी आहे, चबुतऱ्यावर की बागेत?

भटकभवानी: आणि औरंगाबाद नको, छत्रपती संभाजीनगर लिहा.

पेठेतला: फोटो तेव्हाचा आहे, नाव तेव्हाचंच लिहा.

भटकभवानी: अल्बम आज छापतायत ना?