मदत हवी आहे: भाच्यासाठी चार ओळी

माझा भाचा यंदा बी.एस्सी. झाला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून, विषय रसायनशास्त्र. पारोळ्याजवळच्या खेड्यातून रोज सकाळच्या एसटीने धुळ्याला जायचा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत परत आला की थेट शेतात. त्याचे वडील तो बारावीत असताना गेले. आमच्या घरातला हा पहिला पदवीधर.

मावशी म्हणून त्याला व्हॉट्सॲपवर लिहायचं आहे. 'उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' लिहून पाहिलं, पण ते चौकातल्या बॅनरसारखं वाटलं, कुणालाही चालेल असं. मग हे लिहिलं:

'बेटा, पहाटेची एसटी तू चुकवली नाहीस आणि वेचणीत आईला एकटं सोडलं नाहीस. ही पदवी तू दोन्ही हातांनी कमावलीस. दाजी असते तर आज गावभर पेढे वाटत फिरले असते. माले तुना भलता अभिमान शे. तुझी मावशी.'

दाजींची ओळ ठेवू का? ताई ग्रुपवर वाचेल आणि आनंदाच्या दिवशी रडेल, ही धास्ती वाटते. पण ती काढली तर निरोप अर्धाच राहतो. ती ओळ फक्त त्याला वेगळी पाठवावी का? शेवटचं वाक्य अहिराणीत ठेवलंय, कारण घरी आम्ही तशाच बोलतो. तुम्ही काय कराल?