मदत हवी आहे: ओळख परेड झालीच नाही, आता थेट कोर्टात आरोपीला ओळखायचं?

शर्वरी_क

नमस्कार. गेल्या वर्षी एका रात्री साडेनऊच्या सुमारास मी आणि आई चालत घरी येत होतो. मागून मोटारसायकल आली आणि मागे बसलेल्याने आईच्या गळ्यातली चेन ओढली. आई तोंडावर पडली. पुढे जाताना त्याने एकदा वळून पाहिलं, तेव्हा खांबावरच्या दिव्यात मला त्याचा चेहरा दिसला. तीन-चार सेकंद, त्याहून जास्त नाही. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

त्याच रात्री फिर्याद दिली. आई रडत होती, मीही थरथरत होते. वर्णन म्हणून "अंगाने सडपातळ, रंग सावळा, वय अंदाजे २५ ते ३०" एवढंच लिहून घेतलं गेलं. तीन आठवड्यांनी पोलीस ठाण्यात बोलावलं. तिथे एकाने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि विचारलं, "हाच ना?" मी म्हटलं, "हो, असाच होता." त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. चेन मिळालेली नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गुन्ह्यात तो सापडला आणि तिथे आमच्या चेनचीही कबुली दिली, असं कळलं.

आता अकरा महिन्यांनी साक्षीचं समन्स आलंय. मला सांगितलं गेलं, "आरोपी समोरच उभा असेल, तेवढा दाखवायचा." हेच मला खटकतंय. तिथे उभा असलेला माणूस आरोपीच असणार हे मला आधीच माहीत असेल. मग मी ओळखलं म्हणजे नेमकं काय केलं? ओळख परेड करायला हवी होती का? आता मागता येईल का? आईला न्याय मिळावा असं वाटतं, पण चुकीच्या माणसाकडे बोट दाखवायची भीतीही वाटते.

रोहित७७

ताई, ओळख परेड नाही म्हणजे केस संपली. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्येच सांगितलंय की अनोळखी आरोपीला साक्षीदाराने पहिल्यांदा कोर्टात ओळखलं तर त्या पुराव्याला काडीची किंमत नाही. कननचा निकाल, केरळचा. परेड घेणं पोलिसांवर बंधनकारक असतं. ती घेतली नाही म्हणजे तुमची साक्ष घेताच येणार नाही.

भाऊसाहेब_नि

मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने बऱ्याच ओळख परेड घेतल्या. निकालांचं वकील सांगतील, परेड कशी असते ते मी सांगतो, म्हणजे शर्वरीताईंना काय खटकतंय ते आपोआप उलगडेल.

आरोपी एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत असताना कारागृहातच परेड लागायची. अटकेपासून त्याचा चेहरा झाकून ठेवलेला असायला हवा. मी दोन पंच घेऊन जायचो. पोलीस बाहेर, अगदी नजरेआड. एका आरोपीमागे निदान सहा डमी, त्याच्याच वयाचे, उंचीचे, अंगलटीचे. आरोपीला दाढी असेल तर डमीही दाढीवाले शोधायचे. मग आरोपीला सांगायचं, तुला हवी ती जागा घे, हवे तर कपडे बदल. एका पंचाला पाठवून साक्षीदाराला आणायचं. साक्षीदार अशा खोलीत बसवलेला असतो की त्याला आतलं काही दिसू नये. आत आला की आधी विचारायचं: घटनेनंतर या माणसाला किंवा त्याच्या फोटोला पाहिलंय का? मगच रांगेसमोरून चालायला लावायचं. ओळखला तर हात लावून दाखवायचा आणि त्याने काय केलं होतं तेही सांगायचं. दुसरा साक्षीदार यायच्या आत आरोपीला जागा बदलायची मुभा द्यायची, आणि पहिल्याला बाहेर थांबलेल्यांशी बोलू द्यायचं नाही.

आता हिशेब बघा. रांगेत सात जण आहेत. ज्याने चेहरा नीट पाहिलेलाच नाही, तो अंदाजाने बोट ठेवील तर सातातून एकदाच बरोबर येईल. कोर्टात रांगच नसते. तिथे चुकायला जागाच नाही, म्हणून बरोबर येण्यालाही अर्थ उरत नाही. "फोटो पाहिलाय" असं साक्षीदार म्हणाला की मी ते शब्द जसेच्या तसे टिपणात लिहायचो. त्यानंतर त्या परेडमध्ये फारसा जीव राहत नसे, कारण माणूस रस्त्यावरचा चेहरा आठवतोय की मोबाइलमधला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

दिलीप_मामा

माझाही फोन चोरीला गेला होता. पोलिसांनी चार फोन टेबलावर ठेवले आणि माझा ओळखायला सांगितलं. मागच्या काचेला तडा होता, लगेच ओळखला. कोर्टातही दाखवला आणि परत मिळाला. काही अडचण आली नाही. तुम्ही उगाच घाबरताय.

अ‍ॅड_मृण्मयी

दिलीपमामा, वस्तूची ओळख वेगळी. तुमच्या फोनला तडा होता आणि तो तुम्ही रोज हाताळत होता. इथे तीन सेकंद पाहिलेला अनोळखी चेहरा आहे.

रोहित, तुम्ही निम्मं बरोबर सांगितलंत. कननच्या निकालात तसं म्हटलंय खरं. पण २००३ मध्ये मलखान सिंगच्या निकालात तीन न्यायमूर्तींनी भूमिका स्पष्ट केली: मूळ पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर केलेली ओळख. परेड हा तिला आधार देणारा पुरावा. परेड झाली नाही म्हणून साक्ष घेताच येत नाही असं नाही, आणि परेड घ्यायलाच हवी असा आरोपीचा हक्कही नाही. त्या साक्षीला वजन किती द्यायचं, हे कोर्ट त्या त्या प्रकरणात ठरवतं. त्या प्रकरणातल्या महिलेने आरोपींना दिवसाउजेडी, जवळून पाहिलं होतं. तो चेहरा विसरण्याजोगा नव्हता, म्हणून तिची कोर्टातली ओळख मान्य झाली.

याची दुसरी बाजूही आहे. परेडमध्ये बरोबर ओळखलं आणि कोर्टात ओळखता आलं नाही, तर केवळ परेडच्या टिपणावर शिक्षा होत नाही. कोर्टातली ओळख लागतेच.

शर्वरीताई, तुमच्या प्रकरणात परेड नसणं जड जाईल, कारण दुसरा आधार दिसत नाही. चेन जप्त असती तर गोष्ट वेगळी होती. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. म्हणजे सगळा भार तुमच्या ओळखीवर येतो, आणि ती रात्रीची, काही सेकंदांची, वर फोटो दाखवल्यानंतरची. परेड आता मागून उपयोग नाही. दोषारोपपत्र गेलंय, तो तारखांना उघड्या चेहऱ्याने कोर्टात येतोय. परेडचा उद्देशच मुळात तपासातला असतो: पकडलेला माणूस बरोबर आहे ना हे पोलिसांना कळावं, आणि आठवण ताजी असताना ती पारखली जावी. अकरा महिन्यांनी यातलं काहीच साधत नाही.

सचिन_डी

मी एकदा डमी म्हणून उभा राहिलोय. एका कामासाठी तहसील कार्यालयात गेलो होतो, तिथून आम्हा काही जणांना विचारून नेलं. भाऊसाहेब म्हणतात तसं सगळं नीट झालं, फक्त एक गोष्ट अजून डोक्यात आहे. आमच्या सगळ्यांच्या पायात चपला-बूट होते आणि आरोपी एकटाच अनवाणी होता. कोणाच्या ध्यानातच आलं नाही. साक्षीदार बाई आल्या, त्यांची नजर आधी खालीच गेली असं मला तरी वाटलं. त्यांनी त्याला बरोबर ओळखलं. त्या चेहऱ्यावरून ओळखत होत्या की पायांवरून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या केसचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

भाऊसाहेब_नि

सचिन, हे तुम्ही तिथेच दंडाधिकाऱ्यांना सांगायला हवं होतं. सगळ्यांना अनवाणी उभं केलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. एखाद्याच्या चेहऱ्यावर व्रण असेल तर मी प्रत्येकाच्या त्याच जागी कागदाची पट्टी चिकटवायचो.

रोहित७७

मृण्मयीताई, दुरुस्तीबद्दल आभार. एक शंका: आरोपीनेच परेडला नकार दिला तर?

अ‍ॅड_मृण्मयी

मग त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुकेश सिंगच्या प्रकरणात म्हटलंय की परेडला उभं राहणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, त्यामुळे त्या कारणावर नकार देता येत नाही. मात्र पोलिसांनी आधीच साक्षीदारांना चेहरा दाखवला असेल आणि म्हणून तो नको म्हणत असेल, तर कोर्ट त्या कारणाकडे लक्ष देतं. इथे मुळात परेड ठेवलीच गेली नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

शर्वरी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊसाहेब काका, तुमचा सातातल्या एकाचा हिशेब वाचला आणि मला नेमकं काय टोचत होतं ते कळलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मोबाइलवर फोटो दाखवला होता हे कोर्टात सांगू का? कोणी विचारलंच नाही तर? दुसरी, मला त्याच्या हनुवटीवर उजवीकडे एक कापल्याची खूण दिसली होती. फिर्यादीत ती आलेली नाही. पण आता प्रामाणिकपणे आठवायला बसले तर ती खूण रस्त्यावर दिसली होती की फोटोत, याची मला खात्री देता येत नाही.

अ‍ॅड_मृण्मयी

फोटोचं आधी सरकारी वकिलांना सांगा, साक्षीच्या दिवसाआधी. त्यांना माहीत असायलाच हवं. कोर्टात विचारलं गेलं तर जसं घडलं तसं सांगा: कधी, कोणी, किती फोटो, काय विचारलं. एकच फोटो आणि "हाच ना?" हे दोन्ही तपशील महत्त्वाचे आहेत. दहा जणांचे फोटो पुढे ठेवून "यात कोणी आहे का?" विचारलं असतं तर निदान निवडीला वाव होता.

खुणेचं अवघड आहे. फिर्यादीत नसलेली ठळक खूण पहिल्यांदा साक्षीत आली की बचाव पक्ष ती नंतर घातलेली सुधारणा म्हणून उलटतपासात धरणारच. घाबरलेल्या माणसाकडून वर्णन सुटतं हे कोर्टालाही कळतं, पण तुमचीच खात्री नसेल तर ती ठामपणे सांगू नका. "खूण दिसली असं वाटतं, पण रस्त्यावर की फोटोत ते सांगता येत नाही" हे उत्तर शपथेवर देता येतं.

रोहित७७

पण असं सांगितलं तर तो सुटेल ना? आणि खरंच तोच असला तर?

अ‍ॅड_मृण्मयी

सुटू शकतो. चालवणारा सापडला का, चेन कोणा सराफाकडे गेली का, त्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण घेतलं का, हे शर्वरीताईंनी सरकारी वकिलांना विचारावं. यातलं काही कागदात असेल तर चित्र बदलेल.

शर्वरी_क

कोपऱ्यावरच्या दुकानाला कॅमेरा होता हे नक्की. पोलिसांनी त्याचं चित्रण घेतलं का, माहीत नाही. सोमवारी सरकारी वकिलांना भेटून फोटोचं आणि कॅमेऱ्याचं दोन्ही सांगते. काय झालं ते इथे लिहीन.