विषय: हाइकची बदामाची पाकिटं, १७० की १३०?

मेघना:
७२ पाकिटं भरून झाली, प्रत्येकी २८ ग्रॅम बदाम. दुकानाच्या पिशवीवरचा आकडा १७० कॅलरी, तोच मी लेबलवर घेतला. अविनाशदादा म्हणतात १३० लिहा. प्रिंटर माझ्याकडे संध्याकाळपर्यंतच आहे, लवकर ठरवा.

श्रीकांत:
१७०च ठेवा. बदामातली चरबी चांगली असते, ती अंगाला लागत नाही. आणि गेल्या पिकनिकला वडापाववर कुणी आकडा लिहिला होता?

अविनाश:
श्रीकांत, चांगली असो की वाईट, चरबीच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरीच धरतात. १७० हा निव्वळ अशाच गुणाकारांच्या बेरजेचा आकडा. अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात १८ जणांना काही आठवडे मोजूनमापून जेवू घातलं, कधी बदामांसकट, कधी बदामांशिवाय. मग त्यांची लघवी आणि शौच गोळा करून त्यात किती ऊर्जा उरली ते पाहिलं. २०१२ साली निकाल छापला: २८ ग्रॅम बदामांतून अंगाला मिळाल्या १२९. तेल पेशींच्या भिंतीआड कोंडलेलं असतं. चावल्यावर तुकड्याच्या कडेच्याच पेशी फुटतात. आतल्या शाबूत राहतात आणि त्यांतलं तेल न पचता बाहेर पडतं.

नाना:
मला कवळी आहे. सूनबाई भिजवलेले बदाम दुधात मिक्सरवर गंधासारखे वाटून देतात. चार महिन्यांत दोन किलो वाढलो. तुमच्या त्या केंद्रवाल्यांना माझ्याकडे पाठवा. आणि मंडळाचा मोठा स्टीलचा डबा कुणाकडे आहे?

अविनाश:
नाना, मिक्सरने तुमच्या दातांचं काम जरा जास्तच चोख केलं. तिथेच पुढे २०१६ साली अख्खे, भाजलेले, चिरलेले बदाम आणि बदामाचं लोणी असं सगळं ताडून पाहिलं. अख्खे कच्चे हिशोबापेक्षा साधारण पाव हिस्सा कमी भरले. भाजलेले ठिसूळ होऊन दाताखाली बारीक फुटतात, त्यांत ही सूट थोडी घटली. लोण्यात काहीच नाही, सगळ्या कॅलरी अंगी. दुधातली साखर वेगळीच.

प्राची:
दादा, सगळं श्रेय पेशींच्या भिंतींना नको. ४० कॅलरी म्हणजे जेमतेम अर्धी पोळी. माझ्याकडे आहार विचारायला येणाऱ्यांत मी दुसरंच पाहते: चार वाजता मूठभर बदाम खाल्ले की रात्री एक पोळी आपसूक कमी जाते. जे जेवण तेवढंच ठेवून वर बदाम खातात, त्यांचा काटा हलतो. आणि पाकिटं मोजून भरलीत म्हणून बरं, खारवलेले काजू वाडग्यात ठेवले की हिशोब बोंबलतो.

सुनंदा:
म्हणजे काजूकतलीला सूट नाही? काजूची पूडच असते ती. पण दिवाळीचा मेनू माझ्याकडे आहे, तो विषय इथे नको.

श्रीकांत:
चिरलेल्या बदामांचं काय, ते सांगितलंच नाही.

मेघना:
१७० छापलं, प्रिंटर परत गेला. नाना, डबा माझ्या गॅरेजमध्ये आहे.